डावा हात ओवळा

नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात मी पहिल्यांदा कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला आणि तो भलत्याच जागी गेला. तरी त्या संध्याकाळच्या पेशंट आजींना जंतुसंसर्ग झाला नाही. त्याचं कारण सिस्टरांनी माझ्याकडून आधी पाठ करून घेतलेली एकच गोष्ट: कुठला हात कशाला लागलाय, हे क्षणभरही विसरायचं नाही.

आजी साठीच्या पुढच्या. सकाळी मणक्यात भूल देऊन हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. आठ तास उलटले तरी लघवी नाही, ओटीपोट टम्म फुगलेलं. भुलीमुळे मूत्राशयाला भरल्याची जाणीवच नीट होत नाही, म्हणून असं होतं. आधी आम्ही नळ सोडून आवाज ऐकवला, आधार देऊन पॉटवर बसवून पाहिलं. सिस्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं, कॅथेटर म्हणजे जंतूंना आत जायला बांधून दिलेली वाट. दुसरा उपाय असेल तर तो आधी. काहीच जमेना तेव्हा डॉक्टरांनी कॅथेटर टाकायला लिहून दिलं.

मी आजींना काय करणार ते सांगितलं, रबराची किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारलं आणि पडदे ओढले. "कर बाई काय करायचं ते, पोट फुटंल आता," आजी म्हणाल्या. गुडघे वाकवून पाय बाजूला घ्यायला लावले, वरून चादर, आणि दिवा बरोबर समोर. दिवा फालतू वाटतो, पण नसला की माणूस वाकतो, चाचपडतो, आणि चाचपडताना हात नको तिथे लागतो.

आधी साधे ग्लोव्हज घालून साबण-पाण्याने तो भाग धुतला. बीटाडीन मळावर नीट काम करत नाही, म्हणून मळ आधी जायला हवा. ग्लोव्हज काढले, हात पुन्हा धुतले. मग ट्रॉलीवर निर्जंतुक सेट उघडला. कापडाची कडेची साधारण इंचभर पट्टी निर्जंतुक धरायची नाही, आणि कमरेखाली गेलेला हातही नाही.

निर्जंतुक ग्लोव्हज घातल्यावर सिस्टरांनी १४ नंबरच्या फोलीजचं, म्हणजे आत अडकून राहायला टोकाजवळ फुगा असलेल्या कॅथेटरचं, वरचं पाकीट सोलून आतली पिशवी न शिवता सेटवर सोडली. मी १० मिलीच्या सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी भरून ठेवलं. फुग्यात सलाईन नाही, पाणीच; सलाईनमधलं मीठ साठून फुग्याची बारीक नळी बुजू शकते आणि मग काढताना फुगा रिकामा होत नाही. कॅथेटरच्या टोकाला जेली लावली. हे सगळं आधीच, कारण पुढे एकच हात मोकळा राहणार होता.

आता तो हात. माझ्या आजीकडे सोवळ्यातल्या बाईला कुणी शिवायचं नसे. त्या शिवाशिवीनं माणसांचं काय केलं ते सोडा, पण या कामात नियम तसाच आहे, फक्त इथे कारण खरं आहे. डाव्या हाताने मी योनीचे ओठ बाजूला केले. त्या क्षणी डावा हात ओवळा झाला. तो परत ट्रेकडे येणार नाही, आणि काम होईपर्यंत जागचा हलणारही नाही. ओठ मिटले तर पुसलेली जागा पुन्हा न पुसलेल्या कातडीला लागते, म्हणजे पहिल्यापासून पुसणं आलं. उजवा हात सोवळा.

चिमट्याने बीटाडीनचा बोळा घेऊन पुसायचं ते वरून खाली, गुदद्वाराच्या दिशेने, कारण जंतूंचा साठा तिकडे आहे. पलीकडची बाजू एका बोळ्याने, अलीकडची दुसऱ्याने, शेवटी मधे तिसऱ्याने. एक बोळा, एक फटकारा, टाकला.

कॅथेटर टोकापासून चार बोटं वर धरला, बाकीचा किडनी ट्रेमध्ये. हलकेच आत सरकवला. अगदी सहज गेला. पाच-सहा सेंटीमीटर गेला तरी लघवीचा थेंब नाही.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा. एवढा आत जाऊनही ट्रे कोरडा, आणि मूत्राशय तर काठोकाठ भरलेलं, याचा अर्थ मी योनीत होते. माझा हात आपोआप तो ओढून काढायला निघाला.

"काढू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "तिथेच राहू दे. आणि डावा हात हलवू नकोस."

का ते लगेच कळलं. आत राहिलेला कॅथेटर चुकीचं भोक अडवून ठेवतो. दुसरा आता तिकडे जाऊ शकत नाही. आणि तोच काढून वर घातला असता तर योनीतले जंतू मी स्वतःच्या हाताने मूत्राशयात नेले असते. सिस्टरांनी नवा कॅथेटर सेटवर सोडला. उजवा हात अजून सोवळाच होता, कारण तो फक्त पहिल्या कॅथेटरच्या बाहेरच्या भागाला लागला होता.

वय झालं की मूत्रमार्गाचं तोंड आत ओढलं जातं आणि योनीच्या वरच्या कडेला दडतं. सिस्टरांनी आजींना खोकायला सांगितलं. खोकताना घातलेल्या नळीच्या जरा वर एक बारीकशी फट हलली. तिथे मी नव्या बोळ्याने एकदा पुसलं. "आजी, लांब श्वास सोडा." श्वास सोडताना तिथला स्नायू सैल पडतो. कॅथेटर सरकला आणि ट्रेमध्ये धार लागली.

इथे फुगवायची घाई होते, मीही केली असती. पण लघवी दिसते तेव्हा फक्त टोक आत असतं, फुगा अजून मूत्रमार्गातच असू शकतो. म्हणून अजून पाचेक सेंटीमीटर आत सरकवला. मग डाव्या हाताने नळी तोंडाशी धरून ठेवली आणि उजव्याने आजींच्या चेहऱ्याकडे बघत हळूहळू १० मिली पाणी भरलं. चेहरा आक्रसला किंवा सिरिंज अडली तर थांबायचं, पाणी परत ओढायचं, नळी अजून आत घालायची. आजी शांत होत्या. नळी हलकेच ओढून फुगा अडकल्याची खात्री केली, आणि मगच योनीतला पहिला कॅथेटर काढला.

युरोबॅगचं टोक कुठेही न टेकवता जोडलं. नळी मांडीला चिकटवली, थोडी सैल, म्हणजे कूस बदलताना ताण येत नाही. पिशवी कॉटच्या दांड्याला, मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता. वर उचलली की शिळी लघवी परत आत जाते. काढलेला पहिला कॅथेटर आणि ग्लोव्हज लाल पिशवीत जाणार, बोळे पिवळ्या.

पिशवीत ७५० मिली जमली. आजींनी पाय पसरले. "आता जरा चहा दे," म्हणाल्या. मी केसपेपरवर वेळ, नंबर १४, फुग्यात १० मिली, लघवी ७५० मिली, पिवळी, स्वच्छ असं लिहिलं. पहिला प्रयत्न योनीत गेला, हेही लिहायला लावलं सिस्टरांनी. मला ते पुसून टाकावंसं वाटत होतं.

कॅथेटर राहिलेल्या दर दिवसागणिक लघवीत जंतू सापडण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी काढायला सांगितला. सिरिंजमध्ये पूर्ण १० मिली परत आल्याचं पाहिलं, तेव्हाच नळी ओढली. दुपारी दोनच्या सुमाराला आजी स्वतः चालत बाथरूमला गेल्या.