पोटावरून उतरणारं कापड

«डोहाळजेवणाच्या आधी काढलेला फोटो आहे, सातवा महिना, अंगात साधा टी-शर्ट. त्यावर फोटोशॉपमध्ये मॅटर्निटी गाउन चढवला, पण तो पोटावर चिकटवल्यासारखा दिसतो. नेमकं काय चुकतं?»

बहुतेक वेळा चूक कडेत शोधली जाते. मास्क आणखी साफ केला जातो, कड मऊ केली जाते, तरी गाउन चिकटवलेलाच राहतो, कारण खरी अडचण कापड कुठे टेकलंय आणि कुठे अंग सोडतंय हे न ठरवण्यात असते. म्हणून गाउनला हात लावण्याआधी मूळ फोटोवर एक कोरा लेयर घ्या आणि त्यावर तीन आडव्या रेघा मारा. पहिली छातीच्या लगेच खाली, दुसरी पोट सर्वात पुढे आलंय तिथे, तिसरी पोटाचा गोल संपून मांड्या सुरू होतात तिथे. पहिल्या दोन रेघांमध्ये कापड अंगाला टेकून असतं. दुसरीच्या खाली काय होतं ते कापडावर ठरतं. होजिअरीचं ताणलं जाणारं कापड असेल तर ते तिसऱ्या रेघेपर्यंत पोटाखाली वळत जातं. कॉटन किंवा जॉर्जेट असेल तर ते पोटाच्या टोकावरून सुटतं आणि सरळ ओळंब्यात खाली येतं, पोटाखालच्या खोलगट भागाला शिवतच नाही. कॉटनचा गाउन पोटाखाली आत वळवला की तो रबराचा दिसतो. ही चूक फार नेहमी दिसते.

यानंतर चौथी रेघ, उभी. गळ्याच्या मध्यापासून निघून बेंबीवरून खाली जाणारी. समजा फोटोतली बाई थोडी वळून उभी आहे, चेहरा आणि पोट आपल्या उजव्या हाताला. अशा वेळी ही मधली रेघ चित्राच्या मध्यावर नसते. ती उजवीकडे सरकते आणि पोटावर बाहेरच्या बाजूला फुगते. गाउनचा फोटो मात्र बहुधा समोरून काढलेला असतो. त्याची मधली शिवण या रेघेवर आणून बसवली की कॅमेऱ्याकडची बाजू रुंद होते, पलीकडची अरुंद. नुसतं एवढं केलं तरी निम्मं काम होतं. पण वळण फार असेल, म्हणजे ती जवळजवळ पूर्ण बाजूने उभी असेल, तर समोरून काढलेल्या गाउनचा उपयोग नाही. बाजूची शिवण आणि काखेचा भाग त्या फोटोत नसतोच, आणि ताणून तो तयार होत नाही. बाजूने काढलेला गाउन शोधा.

आता गाउनचा लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे वार्प नंतरही बदलता येतो. `Edit > Transform > Warp` उघडा. Photoshop 2020 पासून वरच्या पट्टीत `Split` ची बटणं आहेत. त्यांनी आपल्या तीन आडव्या आणि एका उभ्या रेघेवरच छेद द्या. जास्त छेद देण्याचा मोह आवरा. दाट जाळीमुळे कापडावर लाटा येतात आणि त्या काढता काढता आकार हरवतो. आधी छातीखालची शिवण बसवा, मग पोटाचं टोक, आणि सर्वात शेवटी खालची कड.

इथे गाउन कसा शिवलेला असतो ते माहीत हवं. मॅटर्निटी गाउनच्या पुढच्या भागाला जास्त लांबी दिलेली असते आणि बऱ्याचदा ती बाजूच्या शिवणींमध्ये चुण्या घालून सामावलेली असते. सपाट पोटाच्या पुतळ्यावर हा गाउन ठेवला की त्या चुण्या पोटावरही ढिल्या लोंबतात. तोच फोटो आपल्या चित्रात पोटावर ताणला की चुण्या ताणून रुंद होतात, उघडत नाहीत. खऱ्या अंगावर तर त्या पोटाच्या टोकावर पूर्ण उघडून कापड गुळगुळीत होतं, आणि चुण्या फक्त बाजूच्या शिवणीजवळ उरतात. तेव्हा स्मार्ट ऑब्जेक्टच्या थंबनेलवर डबल-क्लिक करून तो उघडा, कारण त्यावर थेट ब्रश चालत नाही, आत टोकाभोवतीच्या चुण्या `Healing Brush` ने काढून सेव्ह करा आणि शिवणीजवळच्या राहू द्या, त्यांची दिशा टोकाकडे वळलेली ठेवून. खालची कडही याच हिशेबाने येते. मॅटर्निटी गाउनची कड पुढे-मागे सारखी दिसते. साधा गाउन वापरला असेल तर पोटाने कापड वर घेतल्यामुळे पुढची कड थोडी उचललेली दाखवा.

उजेडाचा भाग वेगळा करावा लागतो. टी-शर्टवर पडलेल्या सावलीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पोटाची गोलाई आणि टी-शर्टच्या स्वतःच्या सुरकुत्या. आपल्याला पहिलीच हवी. मूळ फोटोची प्रत गाउनच्या वर आणा, `Desaturate` करा, आणि `Gaussian Blur` इतका द्या की सुरकुत्या पुसल्या जातील पण गोलाई राहील. 6000 पिक्सेल उंचीच्या फोटोत 50-60 पिक्सेलपासून सुरुवात करून बघा. ही प्रत गाउनला क्लिप करून `Soft Light` वर ठेवा, 40 टक्क्यांच्या आसपास. ब्लर दिल्यावर मागच्या भिंतीचा उजळपणा आत झिरपतो आणि पोटाच्या कडेला पांढरट पट्टा येतो. म्हणून ब्लरच्या आधी त्या प्रतीवर अंगाबाहेरचा भाग शेजारच्या टी-शर्टच्याच छटेने रंगवून घ्या. टी-शर्टवर मोठं छापील चित्र असेल तर ही युक्ती सोडा आणि `Curves` च्या मास्कवर मोठ्या मऊ ब्रशने सावली स्वतः रंगवा.

डिस्प्लेसमेंट मॅपबद्दलही विचारलं जातं. `Filter > Distort > Displace` मध्ये स्केल 100 ठेवला तर पिक्सेल जास्तीत जास्त 128 ने सरकतो, 5 ठेवला तर सुमारे 6 ने. म्हणजे हे साधन छापील नक्षी बारीक सुरकुत्यांवर वळवण्यासाठी आहे. पोटाचा आकार त्यातून मिळणार नाही.

हात पोटावर असेल तर तो मूळ फोटोतून कापून सर्वात वर ठेवा. बोटांखाली उजेडाच्या उलट बाजूला अरुंद सावली द्या, `Multiply` वर, आणि तिचा रंग काळा नको, गाउनच्याच सर्वात गडद भागातून उचला. हाताने कापड किंचित दाबलं जातं, त्यामुळे बोटांच्या टोकांपासून दोन-तीन छोट्या सुरकुत्या निघतात. त्या रंगवल्या नाहीत तर हात कापडावर तरंगतो.

गळा निवडताना टी-शर्टपेक्षा खोल घेऊ नका. तिथली त्वचा फोटोत नाही, ती रंगवावी लागेल, आणि चेहऱ्याच्या इतकी जवळ रंगवलेली त्वचा लगेच ओळखू येते. सैल टी-शर्ट गाउनच्या बाहेर डोकावत असेल तर त्या जागी पार्श्वभूमी आधीच भरून घ्या. आणि गाउन बसत नाही म्हणून `Liquify` ने तिचं पोट लहान-मोठं करू नका. त्या आठवड्यातलं तिचं अंग तसंच होतं. गाउनने त्याला जुळवून घ्यायचं.

सगळं जमलंय का हे साध्या रंगाच्या गाउनवर कळत नाही. आडव्या पट्ट्यांचा एक तात्पुरता लेयर त्याच वार्पमधून काढून बघा. पोटाच्या टोकावर पट्ट्यांमधलं अंतर सर्वात जास्त दिसायला हवं, आणि वर, तसंच कापड पोटाखाली वळत असेल तर खालीही, ते कमी होत जायला हवं. पट्ट्या सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसल्या तर पोट अजून सपाटच आहे, सावली कितीही छान असली तरी.