गॅदरिंगचं पत्रक

रंगीत तालमीच्या आधी आठवडाभर आमच्या दप्तरांतून एक पत्रक घरी जायचं. सायक्लोस्टाइल केलेलं, हाताला शाई लागणारं. रकाने पाचच: गट, हजर राहण्याची वेळ, रंगमंचावरची वेळ, न्यायला येण्याची वेळ आणि पोशाख. सुवर्णमहोत्सवी अंकात या कागदावर लिहायचं कारण म्हणजे आमच्या बाई तो किती बारकाईने बनवत, हे पुढे त्याच कामात हात घातलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांनाच नीट कळलं.

पत्रकाचं गणित उलटं मांडायचं असतं. आधी रंगमंचाची वेळ पक्की करायची आणि तिथून मागे यायचं. चौथीचं कोळीनृत्य घेऊ. आठ मुली, आठ मुलगे, रंगमंचावर अकरा वाजता. मुलींची नऊवारी शिवलेली, भाड्याची असली तरी निऱ्या आणि काष्टा नीट बसवायला प्रत्येकी पाच मिनिटं लागतात. नेसवायला दोन आया असल्या तर वीस मिनिटं. अंबाडा आणि गजरा यांना तेवढीच, दागिने आणि रंगरंगोटीला आणखी वीस. झाला तास. वर दहा मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी. म्हणजे मुलींना नऊ पन्नासला बोलवायचं. मुलग्यांचं काम अर्ध्या तासात होतं: सदरा, कमरेचा रुमाल, टोपी. त्यांना साडेदहा.

एकाच गटाला दोन वेळा दिलेल्या पाहून पालक हमखास विचारतात, ही छपाईची चूक का? चूक नसते. मुलग्यांना मुलींबरोबर बोलावलं तर ते पाऊण तास ग्रीनरूमच्या दारात वल्ह्यांनी लढाई करतात आणि गाण्याआधी दोन वल्ही मोडलेली असतात.

न्यायच्या वेळेचा हिशेबही असाच. गाणं पाच मिनिटांचं. तालमीत ते दोनदा होतं आणि मध्ये जागा दाखवायला पाच मिनिटं, म्हणजे सव्वाअकरा. पोशाख उतरवून मोजून ड्रेपरीवाल्याच्या पेटीत ठेवायला अर्धा तास, म्हणून न्यायची वेळ पावणेबारा. इथे अकरा वीस लिहिलं की पालक दारात उभे राहून घाई करतात आणि दागिन्यांचा एखादा नग मुलीच्या अंगावरच घरी जातो. संध्याकाळी ड्रेपरीवाला अनामत रकमेतून त्याचे पैसे कापतो.

एवढं करूनही दुपारपर्यंत वेळापत्रक घसरतंच, कारण आधीच्या नाटुकल्याचा पडदा अडकतो किंवा गाण्याची टेप सापडत नाही. म्हणून दर चार गटांनंतर पंधरा मिनिटं कोरी सोडायची. पत्रकात ती छापायची मात्र नाहीत. छापली की सगळे ती आपलीच समजतात.

पोशाखाच्या रकान्यात ‘शाळेकडून’ आणि ‘घरून’ असे दोन भाग हवेतच. घरून आणायच्या वस्तू थोड्या, पण शब्द नेमके. लेझीमला नुसतं ‘पांढरा सदरा’ लिहिलं तर कुणी मोतिया रंगाचा आणतं, कुणी मुंजीतला भरतकामाचा, आणि दिव्याखाली प्रत्येक पांढरा वेगळा दिसतो. ‘पांढराशुभ्र, साधा, बिनभरतकामाचा, पूर्ण बाह्यांचा’ एवढं लिहावं लागतं. कोळीनृत्याच्या मुलींसाठी ‘आतून सुती लेगिंग, चमकदार नको’. गुळगुळीत कापडावर काष्टा धरत नाही, दुसऱ्या कडव्यात कंबर सैल होते आणि मुलगी नाच सोडून साडी सावरत बसते. सोबत सहा मोठ्या सेफ्टी पिना, केसाच्या बारा पिना, काळी जाळी, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. बुटांचं तर विचारू नका. अनवाणी नाचायचं असलं तरी ‘चपला पिशवीत, पिशवीवर नाव’ हे लिहायचंच.

दोन गटांत असलेल्या मुलांची यादी आधी वेगळी काढावी लागते. कोळीनृत्यातली मुलगी पोवाड्याच्या कोरसमध्येही असेल, तर मध्ये निदान तीन कार्यक्रम हवेत. नऊवारी सोडून दुसरा पोशाख चढवायला पंधरा मिनिटं लागतात आणि एक गाणं पाचच मिनिटांत संपतं. भावंडांचंही तेच. धाकटा पहिलीत आणि थोरली सातवीत असेल, तर दोघांची न्यायची वेळ तासाभराच्या आत बसवली नाही तर आईला दोन खेपा पडतात.

आता पत्रक व्हॉट्सॲपवर जातं, त्यामुळे बदल करणं सोपं झालं आणि तिथेच नवा घोळ सुरू झाला. एकाकडे मंगळवारचं पत्रक, दुसऱ्याकडे गुरुवारचं, आणि दोघंही आपलंच खरं मानून येतात. वर ठळक अक्षरांत ‘सुधारित’ आणि तारीख टाकावी, आणि बदललेल्या गटाच्या पालकांना वेगळा फोन करावा. बाकीच्यांना पुन्हा सगळं पाठवू नये, नाहीतर न बदललेल्या वेळाही लोक नव्याने विचारायला लागतात.