फिटिंग मोफत

सायकलच्या दुकानाबाहेर फलक लागला होता: ‘लहान-मोठ्यांच्या सायकलींवर सवलत. १२ इंचांपासून सर्व साइज. फिटिंग मोफत. फ्रेमला वॉरंटी.’ दुपारी रिक्षाची वाट पाहताना मी तो वाचला आणि एवढ्या थोड्या शब्दांत किती गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत, याचे मला नवल वाटले.

मुलांच्या सायकलीत १२, १६, २० किंवा २४ हा आकडा चाकाचा असतो. मोठ्यांच्या काळ्या सायकलीला ‘बावीस इंची’ म्हणत, ते माप मात्र फ्रेमचे, आणि चाक २८ इंची. आमच्या घरी अशी एकच सायकल होती. दांड्याखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलते ठेवून आम्ही ती हाकत असू. कोणाला कोणती साइज लागते, असा प्रश्न घरात कधी उद्भवलाच नाही.

आता तो उद्भवतो, आणि ‘पुढच्या वर्षी लहान पडेल’ या आजोबांच्या एका वाक्यात निकालातही निघतो. खरे तर मुलाला अनवाणी भिंतीशी उभे करून, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत आडवे धरून, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, ते ५६ सें.मी. आले. नुकता शिकणारा असेल तर सीट साधारण तेवढ्याच उंचीवर हवी, म्हणजे दोन्ही पावले टेकतात. चांगली चालवता येत असेल तर चार-पाच सें.मी. वर चालते. २४ इंची सायकलीची सीट पुष्कळदा तळाशी उतरवूनही ७० सें.मी.च्या आसपासच राहते, तेव्हा हा मुलगा वर्षभर नुसता तिच्याकडे पाहत राहणार.

मोफत फिटिंगबद्दल माझा एक जुना संशय आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून घट्ट होते. सुरुवातीचे काही आटे हाताने सहज फिरले पाहिजेत. पण दुकानात गर्दी असली की पोऱ्या पहिल्यापासूनच पाना लावतो आणि तिरके बसलेले पेडल क्रँकचे आटे खाऊन टाकते. घरी आणल्यावर पेडल फिरताना डुलत असेल, तर चालवणे थांबवून सायकल दुकानात न्यावी; तशीच दामटली तर क्रँकच बदलावा लागतो.

तेव्हा वॉरंटीची आठवण होते. ती सहसा फ्रेमच्या जोडातील किंवा घडणीतील दोषासाठी असते. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर झिजणारच, म्हणून ते तिच्या बाहेर, आणि क्रँकचे खाल्लेले आटे हा तर फिटिंगचा दोष. ते फिटिंग मोफत झाल्यामुळे त्याची बिलावर नोंदही नसते. मी दुकानदाराला एवढेच म्हणेन, की बिलावर फ्रेम नंबर लिहा आणि पेडल माझ्या देखत बसवा. तो हसेल. हसू द्यावे.