स्लाइड बंद करून सांगा

माझ्या पोर्टफोलिओच्या डेकमध्ये बावीस स्लाइड होत्या आणि त्यातली सहावी माझी सगळ्यात लाडकी होती. विमा दाव्याच्या ऑनलाइन फॉर्मचं काम. डावीकडे जुन्या पानाचं चित्र, उजवीकडे नव्याचं, मध्ये बाण आणि खाली ठळक अक्षरांत ‘33% वाढ’. मुलाखतीत मी तिथवर पोचले तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, “स्क्रीन शेअर बंद करा आणि नुसतं सांगा. यात तुम्ही काय केलंत?”

मी बोलले भरपूर. आम्ही रिसर्च केला, आम्ही युजरशी बोललो, मग आम्ही फॉर्म सोपा केला. त्यांनी विचारलं, “33 टक्के म्हणजे कशाचे?” इथे मी अडखळले. खरा आकडा असा होता: आधी फॉर्म सुरू करणाऱ्या शंभरांपैकी 45 जण तो पूर्ण करायचे, नंतर 60 करायला लागले. म्हणजे वाढ शंभरांमागे 15 जणांची, पण 45 च्या तुलनेत ती 33 टक्के होते. मोठा दिसतो म्हणून मी तो आकडा निवडला होता. चूक नव्हती, पण ‘45 वरून 60’ हे एका श्वासात कळतं आणि ‘33 टक्के’ समजावत बसावं लागतं. समजावायला लागलं की आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं. पुढच्या फेरीचं बोलावणं आलं नाही.

मुलाखतीतलं उत्तर परिस्थिती, कृती, परिणाम अशा तीन भागांत सांगायचं, हा साचा मला तोंडपाठ होता. म्हणून आधी सोपा मार्ग धरला: प्रत्येक स्लाइडचे तीन तुकडे करून त्यांवर ही तीन नावं चिकटवली. मोठ्याने वाचून पाहिलं तर डेकच वाचल्यासारखं वाटलं. कारण नंतर लक्षात आलं. डेकमध्ये काय तयार झालं ते असतं. मुलाखत घेणाऱ्याला ते तसंच का झालं हे हवं असतं. ‘युजर रिसर्च’ हे स्लाइडवरचं नाव झालं. कृतीच्या तुकड्यात क्रियापद लागतं, आणि त्याचा कर्ता ‘मी’ लागतो.

ते क्रियापद स्लाइडवर नव्हतंच, म्हणून जुनी टिपणं, मीटिंगच्या नोंदी, माझ्याच फोनमधले मेसेज उपसले. एक दुपार गेली, पण पूर्ण तयारीत सगळ्यात जास्त हाती लागलं ते या दुपारी. प्रत्येक स्लाइडला मी एकच प्रश्न विचारत होते: इथे दुसरं काय करता आलं असतं, आणि ते का केलं नाही?

सहाव्या स्लाइडखाली दडलेली गोष्ट अशी निघाली. फॉर्म सोडून जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक तिसऱ्या पानावरच जात होते. टीमचं मत पक्कं होतं की फॉर्म लांब आहे, रकाने कमी करा. मलाही आधी तेच वाटत होतं, पाच पानांची तीन करण्याचा कच्चा आराखडासुद्धा मी काढला होता. मग पाच जणांना फॉर्म भरताना शेजारी बसून पाहिलं. तिसऱ्या पानावर बिलांच्या प्रती मागितल्या होत्या. चौघं तिथेच उठले आणि कागद शोधायला गेले. दोघं परत आले तोवर पंधरा मिनिटं उलटून गेली होती, लॉगिन संपलं होतं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. अडचण लांबीची नव्हतीच, कागद हाताशी नसण्याची होती.

प्रमुखांना हे पटेना. मी सुचवलं की दोन आठवडे फक्त एवढंच करू: लागणाऱ्या कागदांची यादी पहिल्याच पानावर देऊ. एक परिच्छेद वाढवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. त्या दोन आठवड्यांत 45 चे 54 झाले. मग ‘अर्धवट जतन करा’ हे बटण मंजूर झालं आणि आकडा 60 वर गेला. डेकमध्ये यातलं काय होतं? यादी नव्हती, वाद नव्हता, पंधरा मिनिटं नव्हती. नव्या पानाचा सुंदर रंग तेवढा होता.

आता बोलायचं कसं? फोनवर रेकॉर्ड केलं. पहिल्या खेपेला चार मिनिटं दहा सेकंद, त्यातली जवळजवळ अडीच मिनिटं परिस्थितीवर. कंपनी काय करते, विमा म्हणजे काय, टीम केवढी. भीतीपोटी माणूस परिस्थितीतच रेंगाळतो, कारण तिथे त्याची परीक्षा नसते. मग मी दोन मिनिटांची मर्यादा घालून घेतली आणि परिस्थितीला तीनच वाक्यं दिली: “विमा दाव्याचा फॉर्म सुरू करणाऱ्या शंभरांपैकी 45 जणच तो पूर्ण करायचे. बाकीचे बहुतेक तिसऱ्या पानावर सोडून द्यायचे. का जातात ते शोधून उपाय सुचवणं हे माझं काम होतं.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण टीमचं काम कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते तिथे ठरतं. नवी पानं मी काढली नव्हती, डिझायनरने काढली होती. हेही सांगायला लागले. त्याने माझं वजन कमी झालं नाही, उलट ‘मी’ म्हणताना अवघडलेपण गेलं.

परिणामाच्या भागात एक खाच होती. त्याच महिन्यात फॉर्मकडे नेणाऱ्या लिंकची पट्टी साइटच्या मुखपृष्ठावर वर आणली गेली होती, त्यामुळे येणारे लोकच वाढले होते. मी एकूण दाव्यांचा आकडा सांगितला असता तर त्यात माझ्या कामाचं किती आणि पट्टीचं किती हे सांगता आलं नसतं. म्हणून सुरू करणाऱ्यांपैकी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणच धरलं, आणि पट्टीचा उल्लेख न विचारता स्वतःहून करायचा असं ठरवलं. तरी येणारे लोक बदलले तर प्रमाणही थोडं हलू शकतं, तेवढी कबुली ठेवली.

एकच गोष्ट तीन प्रश्नांना चालते हे नंतर कळलं. ‘मतभेद झाला तेव्हा?’ विचारलं तर प्रमुखांशी झालेला वाद लांबवायचा आणि रिसर्च एका वाक्यात उरकायचा. ‘चूक झाली तेव्हा?’ विचारलं तर माझ्या तीन पानांच्या आराखड्यापासून सुरुवात करायची. पाठ केलेलं उत्तर मात्र तिन्ही ठिकाणी ओळखू येतं, म्हणून पूर्ण वाक्यं लिहिणं सोडलं. प्रत्येक प्रोजेक्टला एक कार्ड, त्यावर सहा-सात खुणा: तिसरं पान, पाच जण, पंधरा मिनिटं, यादी, 54, बटण, 60.

पुढच्या मुलाखतीत डेक उघडलाच नाही. उत्तर संपल्यावर पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, “पंधरा मिनिटांची मर्यादाच वाढवायची होती ना, एवढं सगळं कशाला?” हा प्रश्न कार्डावर नव्हता, पण त्या दुपारी जुन्या मेसेजमध्ये उत्तर वाचलेलं होतं. ती मर्यादा पूर्ण साइटला लागू होती आणि सामायिक संगणकावर लॉगिन उघडं राहू नये म्हणून सुरक्षा टीमने ती वाढवायला नकार दिला होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग बटणाने जतन केलेला मजकूर कुठे राहायचा?” त्यानंतर वीस मिनिटं आम्ही त्याच फॉर्मवर बोलत होतो.