काळी तीनचा तंबोरा

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

साठीची भेट पोरगा घेऊन येतोय. गोवा एक्स्प्रेसचा वरचा बर्थ तंबोऱ्याला दिलाय, तो स्वतः कुठे झोपणार ते त्याचं तो बघेल. उतरवून घेताना गळ्याला धरायचं आणि दुसरा हात भोपळ्याखाली. भोपळा वरून कितीही टणक दिसला, तरी एका ठोकरीत तडकतो.

तंबोरा अर्थातच मिरजेचा. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, त्या गल्लीतला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुनाचं. नक्षी मुद्दाम कमी करायला सांगितली. हस्तिदंती दिसणारी ती प्लॅस्टिकची वेलबुट्टी तुला कधीच आवडली नाही.

कारागिरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बाई कुठल्या पट्टीत गातात?” मी म्हणालो, काळी पाच. मग थांबलो. काळी पाच ही तुझी कॉलेजातली पट्टी. दिवाळीला तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला अभंग मी त्यांना तिथंच मोबाइलवर ऐकवला. त्यांनी शेजारची पेटी ओढली, दोन-तीन सूर दाबून पाहिले आणि म्हणाले, “काळी तीन. आवाज आता खाली छान बसलाय.” ताई, “आता आवाज राहिला नाही” हे तुझं पालुपद मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. आवाज राहिलाय, फक्त दोन पट्ट्या खाली राहायला गेलाय. तू मात्र अजून जुन्याच पत्त्यावर त्याला शोधतेस आणि तार सप्तकात दमून पेटी मिटतेस.

तेव्हा हा तंबोरा काळी तीनचाच आहे. सूर खाली म्हणून तारा थोड्या जाड घातल्यात. बारीक तार तेवढी उतरवली की ढिली पडते आणि घोडीवर नुसती फडफडते. खरं कसब त्या घोडीवरच होतं. तिचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, म्हणून तो गुंजणारा, मागे रेंगाळणारा नाद येतो. कारागीर कानस एकदा-दोनदा फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, मान हलवायचे आणि परत उतरवायचे. चारही तारांची जवारी एकसारखी खुलेपर्यंत हेच चाललं होतं. चहा दोनदा गार झाला. माझा, त्यांनी घेतलाच नाही.

आता लावायचं कसं, हे मी तुला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण मोबाइलमधल्या तंबोऱ्याने तुझी सवय मोडली असणार. आधी मधली जोड षड्जाला मिळव, मग खर्ज, शेवटी पहिली तार पंचमाला. खुंटीने जवळपास आणायचं, उरलेला केसभर फरक मण्याने काढायचा. त्यानंतर घोडीवरचा दोरा. तारेखालचा तो सुती धागा किंचित पुढे-मागे सरकवत जा, एका जागी आवाज एकदम उघडतो. तिथंच सोडून दे. दोरा अचूक जागी असूनही तार मंद बोलायला लागली, तर समज की तारेने घोडीवर खाच पाडलीय. मग जवारी पुन्हा काढावी लागते. ते काम दिल्लीत कुणाकडेही देऊ नकोस. घोडी सुटी करून इकडे पाठव.

प्रवासासाठी तारा उतरवल्यात, पूर्ण सोडल्या नाहीत, कारण ताण अजिबात नसला की घोडी जागची हलते. आल्या आल्या चढवू नकोस. एक-दोन दिवस खोलीत नुसता राहू दे. तुमच्याकडची कोरडी हवा लाकडाला नवीन आहे. हिवाळ्यात खुंट्या आकसून सुटायला लागल्या तर थोडा खडू लाव. हीटरच्या आसपास ठेवायचा नाही. आणि भावजींना सांग, शोभेला म्हणून टीव्हीशेजारी उभा करायचा नाही, काम करणाऱ्या मावशींनी ओल्या फडक्याने पुसायचाही नाही.

तुझा लाडका मालकंस काढशील तेव्हा पंचमाची तार मध्यमाला उतरव. काळी तीनच्या खर्जावर तो मध्यम कसा लागतो, ते मी दुकानात ऐकून आलोय. वाढदिवसाला रात्री नऊनंतर फोन करीन. तोपर्यंत जेवणं उरकून घ्या, आणि केक कापायच्या आधी तारा मिळवून ठेव.

तुझा,
बंडू