अकरा चिठ्ठ्या

"अहो, रोज डायरी लिहायचीच तर सरळ लिहा ना! त्या डब्यातल्या चिठ्ठ्या कशाला? आणि अकराच का?"

सरळ लिहून झालंय. दीड वर्ष. 'आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात?' या एकाच प्रश्नाखाली रोज तीन ओळी: घरचे, तब्येत, सकाळचा चहा. दुसऱ्या महिन्यापासून हात आपला लिहीत होता आणि मी उद्याच्या भाजीचा विचार करत होते.

मग तीस प्रश्न काढले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. डोळे मिटून एक काढायची, लिहायचं, परत टाकायची. वाटलं, महिन्याची सोय झाली. पण चिठ्ठी परत टाकत गेलं, की आठवडाभरात एखादी दुसऱ्यांदा हातात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे मला ती आल्यावर कळलं. शिवाय 'आज कुणाचा आधार वाटला?', 'कोण जवळचं वाटलं?', 'कुणामुळे दिवस सोपा गेला?' या तिन्हींचं उत्तर नवरा. शब्द तेवढे वेगळे, प्रश्न एकच.

म्हणून सात ठेवल्या, वारानुसार. आता सुटसुटीत झालं, असं तेव्हा भेटेल त्याला सांगत होते. गुरुवारची चिठ्ठी होती, 'आज कुणाचा आवाज ऐकून बरं वाटलं?' गुरुवारी दत्ताच्या आरतीहून आली की आई फोन करायची, त्यामुळे उत्तर ठरलेलं.

आई मंगळवारी गेली. गुरुवारी रात्री पाहुणे पांगल्यावर मी सवयीने डबा उघडला. डायरी लिहायची होती असं नाही, हाताला काहीतरी हवं होतं. चिठ्ठी तीच निघणार हे मला ठाऊक होतं, तरी वाचली. तुम्ही योगायोग म्हणाल. योगायोग कसला? सात चिठ्ठ्या आणि सात वार, जमवाजमव माझीच होती.

त्या रात्री मी मागचे गुरुवार चाळले. बावीस निघाले. एकवीस ठिकाणी एकच शब्द: आईचा. एका ठिकाणी मात्र, 'आईचा. शेवग्याला यंदा फुलंच गळतायत म्हणाली, शेंग धरत नाही.' बावीस आठवड्यांत आईचं म्हणून माझ्याकडे एवढं एकच वाक्य. बाकी फोनवर ती काय काय बोलली असेल!

अकरा त्यानंतर आल्या. आता चिठ्ठी पुढून काढायची आणि मागे लावायची, म्हणजे अकरा दिवसांच्या आत तीच येत नाही. सातने अकराला भाग जात नाही, म्हणून तिचा वारही दर वेळी सरकतो: गुरुवारची पुढच्या खेपेला सोमवारी येते, मग शुक्रवारी. त्याच वारी परत यायला सत्त्याहत्तर दिवस लागतात. चौदा केल्या असत्या तर पुन्हा वारांच्या दावणीला बांधल्या गेल्या असत्या.

यातल्या आभाराच्या दोनच, मधे चार-पाच दिवस सोडून. हे माझं डोकं नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या लेखात आहे: सहा आठवडे, आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा मोजणाऱ्यांना फरक पडला नाही. त्या दोनांतली एकही सरळ आभार मागत नाही. एक उलटी आहे: 'अमुक घडलं नसतं तर आज काय वेगळं असतं?' ही लिहायला वेळ घेते, पण हिच्याखाली 'तब्येत' लिहून सुटका होत नाही. बाकीच्या नऊ अगदी साध्या. 'आज कोणतं काम उद्यावर ढकललं, आणि का?' 'आज हाताला काय गरम किंवा गार लागलं?' महिन्याने तारखेवर बोट ठेवून उत्तर वाचते. ते कुठल्याही दिवशी खपलं असतं, तर चिठ्ठी बदलते.

आता खरं सांगते. हा सगळा हिशेब त्या गुरुवारवर इलाज नाही. कंटाळा प्रश्नाचा नव्हताच. एका शब्दात आटपणारी मी होते. 'नेमकं काय म्हणाली?' एवढं त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं असतं, तर बावीस वाक्यं जमली असती आणि सातच्या सातही चालल्या असत्या. पण प्रश्न ठरलेल्या वारी आला नसता, तर मी आईला कदाचित लिहिलंही नसतं, असंही वाटतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, मला ठाऊक नाही.

ती आवाजाची चिठ्ठी मी फाडली नाही. डब्याच्या झाकणात आतून चिकटवलीय. ती आत घेतली तर बारा होतील, आणि बारालाही सातने भाग जात नाही. म्हणजे आकड्याची सबब नाही.