केस रिपोर्टमधली उसनी वाक्ये

विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे. सर्पदंशाच्या एका रुग्णाचा केस रिपोर्ट मी पहिल्यांदा लिहायला घेतला तेव्हा त्याचा मसुदा दोन संध्याकाळींत पूर्ण झाला, आणि त्यानंतरचे चार महिने तो मोडून पुन्हा उभा करण्यात गेले. त्या चार महिन्यांत काय काय बदलावे लागले, ते येथे लिहीत आहे. रुग्णाचे नेमके वय, गाव आणि तारीख मी येथेही देत नाही, कारण तिच्याशी तसे ठरलेले आहे.

पावसाळ्यातल्या एका पहाटे एक तरुण स्त्री पोटात कळ येते आणि उलट्या होतात म्हणून आली. ती रात्री घरात जमिनीवर झोपलेली होती. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूजही नव्हती. "मले तं अपचनच वाटलं, सिस्टर," असे तिची सासू म्हणाली, आणि आम्हीही पहिला पाऊण तास तेच समजून आम्लपित्ताचे इंजेक्शन व सलाईन दिले. मग तिच्या पापण्या जड होऊ लागल्या आणि आवाज नाकातून येऊ लागला. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले तेव्हा ती २२ पर्यंत गेली, आणि वीस मिनिटांनी १३ वरच थांबली. तेव्हा आमच्या मनात मण्यार आली. तिला प्रतिसर्पविष दिले, श्वास अपुरा पडू लागल्यावर नळी घातली आणि अँबू बॅगने श्वास देत मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून ती बरी झाली.

माझ्या पहिल्या मसुद्यात यातले फारच थोडे होते. सर्पदंशाच्या उपचाराची मार्गदर्शिका मी समोर उघडी ठेवली होती, आणि तिच्यातली नेटकी वाक्ये काळ बदलून माझ्या रुग्णाला लावत गेले होते. मी ज्यांच्याकडे शिकले त्या मॅडमनी मार्गदर्शिकेची प्रत शेजारी ठेवून जुळणारी वाक्ये पिवळी केली, तेव्हा उपचाराचे पान जवळजवळ सगळे पिवळे झाले. प्रत्येक वाक्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : "हे तुम्ही पाहिलं, की वाचलं?"

रक्त गोठण्याच्या २० मिनिटांच्या चाचणीबद्दल मी लिहिले होते की २ मिली रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवले. प्रत्यक्षात नळी काचेची आणि कोरडी होती, पण नवी नव्हती. ती धुऊन ठेवलेली होती. हा फरक किरकोळ नाही. साबणाचा अंश राहिलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत चांगले रक्तही कधी कधी गोठत नाही आणि घोणस किंवा फुरसे चावल्याचा खोटा संशय येतो. आमच्या रुग्णाचे रक्त गोठले होते, त्यामुळे निष्कर्षाला धक्का लागला नाही. तरी 'नवी' हा शब्द माझ्या रुग्णाबद्दल खोटा होता, आणि तो मी खोटे बोलायचे म्हणून लिहिलेला नव्हता. तो वाक्यासोबत आपोआप आला होता.

दुसरे वाक्य अधिक वाईट होते. अ‍ॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिल्यावर रुग्णाचे स्नायू सुधारतात का ते पाहावे, या सूचनेवरून मी लिहिले होते की औषध दिल्यावर सुधारणा दिसली. माझ्याच हातच्या नोंदीत मात्र असे होते की अर्ध्या तासानंतरही पापणी होती तेथेच होती. मण्यारीच्या बाबतीत असे होणे समजण्यासारखे आहे. नागाचे विष मुख्यतः चेतातंतू आणि स्नायू यांच्या जोडाची स्नायूकडील बाजू अडवते, त्यामुळे तेथे निओस्टिग्मिनचा उपयोग होऊ शकतो. मण्यारीचे विष मुख्यतः चेतातंतूच्या टोकालाच इजा करते, आणि ते टोक भरून यायला दिवस लागतात. म्हणजे या रुग्णात सांगण्यासारखे जे निरीक्षण होते, नेमके तेच उसन्या वाक्याने पुसून टाकले होते. तो पहिला पाऊण तासही मसुद्यात नव्हता, कारण मार्गदर्शिका सर्पदंश झाला आहे हे गृहीत धरून सुरू होते. दुसऱ्या एखाद्या परिचारिकेला पहाटेच्या पोटदुखीत मण्यार ओळखायची असेल, तर तिला हाच पाऊण तास वाचायला हवा.

एका सहकाऱ्याने शब्द बदलून घे, म्हणजे जुळणी कमी दिसेल, असे सुचवले. मी दोन परिच्छेदांवर तो प्रयोग केला आणि सोडून दिला. औषधाचे नाव, मात्रा, चाचणीचे नाव यांना पर्यायी शब्द नसतात, आणि 'पापणी झुकणे'ऐवजी 'डोळ्यांचा अशक्तपणा' लिहिले की अर्थच बिघडतो. शेवटी मार्गदर्शिका कपाटात ठेवली आणि फक्त नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता आणि रेफरचे पत्र घेऊन बसले. रुग्ण दारात आल्याचा क्षण शून्य धरून पुढची प्रत्येक नोंद मिनिटांत मांडली. जेथे नोंद नव्हती तेथे 'नोंद आढळली नाही' असेच लिहिले. साप कोणी पाहिला नव्हता, म्हणून निदानापुढे 'संशयित' हा शब्द कायम ठेवला. हे झाल्यावरच मार्गदर्शिका पुन्हा उघडली आणि चर्चेच्या भागात ती काय सांगते, आम्ही काय केले आणि फरक का पडला, हे तिचा संदर्भ देऊन लिहिले. उदाहरणार्थ, सुरुवातीला प्रतिसर्पविषाच्या ८ ते १० कुप्या द्याव्यात असे ती सांगते. आम्ही ८ दिल्या, कारण त्या वेळी तेवढ्याच होत्या.

वेळ शून्यापासून मोजल्याचा एक फायदा असा झाला की तारखा आपोआप गळाल्या. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या रात्री कोणाला साप चावला हे चार गावांना ठाऊक असते. नाव काढून टाकल्याने तेथे काहीच लपत नाही. लेखकांच्या पत्त्यावरून जिल्हा तर कळणारच. म्हणून वय 'तिशीतली' इतकेच ठेवले आणि घरातल्या माणसांची संख्या व व्यवसाय काढला. लिंग बदलून टाका, शेतात दुपारी चावला असे लिहा, असेही कोणी म्हणाले. ते मी मान्य केले नाही. रात्री, जमिनीवर, झोपेत हाच मण्यारीचा माग आहे. तपशील वगळता येतो, पण खोटा घालता येत नाही.

पापणीचा फोटो काढलेला होता. डोळ्यांवर काळी पट्टी ओढून ओळख लपत नाही हे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट केलेले आहे, आणि येथे तर डोळेच दाखवायचे होते. फोटो वगळला आणि लिहिले : वर पाहायला सांगितल्यावर कपाळाला आठ्या पडत होत्या, पण पापणी बाहुलीच्या अर्ध्यावरच राहत होती.

संमती नवऱ्याने लगेच दिली होती, पण ती मी पुरेशी धरली नाही. रुग्ण स्त्री स्वतः शुद्धीवर येऊन आता घरी नांदत होती. मी तिच्याकडे जाऊन पूर्ण मजकूर वऱ्हाडीत सांगितला. तिने दोनच गोष्टी विचारल्या : हे कोण वाचेल, आणि छापल्यावर परत घेता येईल का. छापण्याआधी केव्हाही नाही म्हणता येईल, छापल्यावर मात्र सगळीकडून मागे घेता येणार नाही, असे मी सांगितले. मग ती म्हणाली, "खाली झोपत होती ते लिवा, पण खाट कोणाले देल्ली होती ते नोका लिवू." ते वाक्य मी तिच्यासमोरच खोडले, आणि मग तिने सही केली.